दावा फेटाळला? आधी तारखा मांडा

आरोग्यविम्याचा दावा फेटाळल्याचं पत्र आलं, की पहिल्या दोन दिवसांत माणूस जो ई-मेल लिहितो तो बहुधा न पाठवलेलाच बरा असतो. त्यात सगळं खरं असतं. सहा वर्षं हप्ते वेळेवर भरले, एकदाही दावा केला नाही, पहिल्यांदा गरज पडली तेव्हा कंपनीने हात वर केले, मुलाने मित्रांकडून उसने पैसे आणून बिल भागवलं. पण तक्रार विभागात बसलेल्या माणसाला या मजकुराचं करता येण्यासारखं काहीच नसतं. त्याच्या समोरच्या पडद्यावर फेटाळण्याचं एक कारण आणि पॉलिसीतलं एक कलम असतं. तुमच्या ई-मेलने त्या दोहोंना हात लावला नसेल, तर ‘आमचा निर्णय कायम आहे’ असं साचेबंद उत्तर येतं.

दुसरा प्रकार त्याहून जुना. आपल्याकडे तहसील कचेरीपासून सोसायटीपर्यंत सगळीकडे अर्ज लिहायची एक रीत आहे, आणि तिचा शेवट ‘तरी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, ही नम्र विनंती’ असा होतो. विम्याचा दावा ही सहानुभूतीने मिळायची मदत नव्हे. तो करारातला हक्क आहे. सहानुभूती मागितली की ती नाकारण्याची मुभाही आपणच देऊन बसतो.

हा ई-मेल लिहिताना एक गोष्ट डोक्यात ठेवली की बाकीच्या बऱ्याच जागच्या जागी बसतात. पत्ता कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याचा असला, तरी खरा वाचक तिसराच असू शकतो. तो म्हणजे विमा लोकपाल. कंपनीकडे लेखी तक्रार केल्याशिवाय लोकपालाकडे जाता येत नाही, आणि प्रकरण तिथे गेलं की हाच ई-मेल फाइलमध्ये असतो. तुम्हाला न ओळखणाऱ्या, तुमचं दुखणं न पाहिलेल्या माणसाला पाच मिनिटांत प्रकरण कळावं, अशा बेताने तो लिहायचा.

नमुन्यादाखल एक प्रकरण घेऊ. माणूस आणि तपशील रचलेले आहेत, पण असं प्रकरण विम्याच्या कामातल्या कोणालाही ओळखीचं वाटेल.

साताऱ्याचे एक गृहस्थ, वय 61. त्यांनी 20 नोव्हेंबर 2018 रोजी स्वतःची आणि पत्नीची मिळून 3 लाखांची पॉलिसी घेतली. दरवर्षी नूतनीकरण केलं, एकदाही खंड पडला नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये विमा रक्कम वाढवून 5 लाख केली. 6 फेब्रुवारी 2025 च्या रात्री छातीत दुखू लागलं, रुग्णालयात नेलं, त्याच रात्री अँजिओप्लास्टी झाली. 9 तारखेला घरी आले. कॅशलेसची विनंती 7 तारखेलाच ‘अधिक चौकशी आवश्यक’ म्हणून नाकारली गेली होती, म्हणून 2,91,600 रुपयांचं बिल घरच्यांनी भरलं आणि 24 फेब्रुवारीला परताव्याचा दावा दाखल केला. कॅशलेस नाकारणं म्हणजे दावा नाकारणं नव्हे, हे इथे सांगायला हवं. पुष्कळ लोक त्या टप्प्यावरच हाय खातात आणि पुढचे कागदच देत नाहीत.

12 मार्चला कंपनीने जुन्या उपचारांचे कागद मागितले, 18 मार्चला ते दिले. 4 एप्रिल 2025 रोजी पत्र आलं. रुग्णालयाच्या प्राथमिक नोंदीनुसार विमेदाराला 8 वर्षांपासून उच्च रक्तदाब आहे, प्रस्ताव अर्जात तो सांगितलेला नव्हता, सबब माहिती दडवल्याच्या कलमाखाली दावा अमान्य, असं त्यात म्हटलं होतं.

हे पत्र नीट वाचायचं म्हणजे आधी नकार नेमका कोणत्या जातीचा आहे ते ओळखायचं. आधीपासूनच्या आजाराच्या नावाखाली दोन वेगवेगळे नकार येतात आणि लोक ते एकच समजतात. पहिला प्रतीक्षाकालाचा: आजार आधीपासून होता, तो पॉलिसीत नोंदलेला आहे, पण त्याची ठरलेली वर्षं अजून भरलेली नाहीत. दुसरा माहिती दडवल्याचा: आजार होता आणि तुम्ही तो सांगितलाच नाही. पहिल्याला उत्तर प्रतीक्षाकाल केव्हा संपला हे दाखवून देता येतं. दुसऱ्याला ते पुरत नाही, कारण कंपनी म्हणते, सांगितलं असतं तर आम्ही जास्त हप्ता लावला असता किंवा पॉलिसीच दिली नसती. साताऱ्याच्या प्रकरणात नकार दुसऱ्या जातीचा आहे.

पत्रात कलमच दिलेलं नसेल, ‘पॉलिसीच्या अटींनुसार अमान्य’ एवढंच असेल, तर भांडण सुरू करण्याआधी कलम मागून घ्यावं. भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण, म्हणजे बोलण्यातलं ‘इर्डा’, याने 29 मे 2024 रोजी आरोग्यविम्यासाठी एक प्रमुख परिपत्रक काढलं. दावा पूर्ण किंवा अंशतः नाकारताना पॉलिसीतल्या नेमक्या अटीचा हवाला दिलाच पाहिजे, असं ते सांगते. दावे तपासणाऱ्या कंपनीच्या समितीच्या मंजुरीशिवाय दावा नाकारता येत नाही, हेही त्यातच आहे. टीपीए, म्हणजे कागद गोळा करून तपासणारी मधली संस्था, स्वतःच्या अधिकारात दावा फेटाळू शकत नाही. तो निर्णय विमा कंपनीचाच लागतो.

पत्रात लिहिलेलं कारण कंपनीलाही बांधून ठेवतं. नकारपत्रात न दिलेलं नवं कारण नंतर कोर्टात पुढे करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2016 च्या गलाडा पॉवर आणि 2019 च्या सौराष्ट्र केमिकल्स या प्रकरणांत सांगितलं आहे. दोन्ही प्रकरणं उद्योगांच्या विम्याची होती. तरी आपल्यासाठी त्यातून निघणारा व्यवहार सोपा आहे: पत्रात जे कारण आहे त्यालाच उत्तर द्यायचं. कोणी न विचारलेल्या शंका आपणच काढून त्यांची उत्तरं देत बसू नये.

आता या प्रकरणातला सगळ्यात भक्कम मुद्दा. आरोग्यविम्यात ‘मोरेटोरियम’ नावाची एक मुदत असते. पॉलिसी सलग तेवढा काळ चालू राहिली, की त्यानंतर माहिती दडवली किंवा चुकीची दिली या कारणावरून कंपनीला दावा लढवता येत नाही. अपवाद फक्त सिद्ध झालेल्या फसवणुकीचा. ही मुदत पूर्वी आठ वर्षांची होती. 1 एप्रिल 2024 पासून लागू झालेल्या नियमांनी ती 60 महिन्यांवर आणली. साताऱ्याच्या पॉलिसीचे 60 महिने 19 नोव्हेंबर 2023 रोजी पूर्ण झाले, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये नूतनीकरण होऊन आलेल्या पॉलिसीच्या कागदांत 60 महिन्यांचं कलम छापलेलंही आहे. रुग्णालयात दाखल व्हायच्या दिवशी पॉलिसी सलग सहा वर्षं अडीच महिने चालू होती. म्हणजे रक्तदाब 2017 पासून होता की 2021 पासून, या वादात शिरायचीही गरज उरत नाही.

तरीही अशी पत्रं जातात. दावे तपासणारा रुग्णालयाचे कागद उघडतो, त्यात ‘आठ वर्षं’ दिसतं, प्रस्ताव अर्ज उघडतो, त्यात ‘नाही’ दिसतं, आणि दोन्हींतली विसंगती पकडून मोकळा होतो. पहिल्या पॉलिसीची तारीख तपासायचं राहून जातं, किंवा जुन्या आठ वर्षांचाच हिशेब होतो. ही ढिलाई की चलाखी, हे बाहेरून ओळखता येत नाही, आणि ई-मेलमध्ये तो आरोप करून हाती काही लागत नाही.

या मुदतीला मर्यादाही आहेत. विमा रक्कम मध्ये वाढवली असेल, तर वाढलेल्या रकमेसाठी 60 महिने वाढवल्या दिवसापासून मोजतात. साताऱ्याचं बिल मूळच्या 3 लाखांच्या आत आहे म्हणून निभावलं. तेच 4 लाख असतं, तर वरचा लाख 2022 च्या वाढीव रकमेतला, आणि त्याला हे संरक्षण अजून मिळालेलं नाही. एका वर्षी हप्ता सवलतीच्या मुदतीनंतर भरला असेल, तर सलगता तुटून मोजणी पुन्हा पहिल्यापासून होऊ शकते. उलट एका कंपनीतून दुसरीकडे पॉलिसी रीतसर ‘पोर्ट’ केली असेल, तर आधीची वर्षं धरली जातात. म्हणून प्रत्येक वर्षाचं नूतनीकरणाचं कागदपत्र जोडायचं. पाच आहेत आणि मधलं एक सापडत नाही, तर कंपनीकडून किंवा एजंटकडून ते मागून घ्यायचं. नेमकं तेच वर्ष कोणी विचारेल.

मग ते ‘आठ वर्षं’ आलं कुठून? रात्री अकराला छाती धरून आलेल्या रुग्णाची माहिती निवासी डॉक्टर घेतो, आणि उत्तरं देतो घाबरलेला मुलगा किंवा सून. ‘बीपी आहे का?’ ‘हो, आहे.’ ‘किती वर्षं?’ ‘झाली असतील सात-आठ.’ केसपेपरवर आठ पडतात, तेच पुढे डिस्चार्ज कार्डावर उतरतात, आणि महिनाभराने विमा कंपनीच्या हाती तो पुरावा होतो. या गृहस्थांची रक्तदाबाची पहिली गोळी जून 2021 मध्ये सुरू झाली. त्याची चिठ्ठी आणि तेव्हापासूनच्या नोंदी घरच्या डॉक्टरांकडे आहेत.

अशा वेळी रुग्णालयाला मूळ केसपेपर बदलायला सांगू नये. खाडाखोड केलेला कागद पहिल्याहून वाईट, आणि त्यातून फसवणुकीचा आरोप ओढवतो. उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून स्वतंत्र खुलासापत्र घ्यावं: ही नोंद नातेवाइकांनी तोंडी सांगितल्यावरून घेतली होती, तिला कागदी आधार पाहिलेला नव्हता. घरच्या डॉक्टरांचा दाखला वेगळा, त्यात निदानाची पहिली तारीख हवी. आणि रक्तदाब खरोखरच 2018 च्या आधीचा असेल, तर तो नव्हता असं लिहू नये. तेव्हा 60 महिन्यांच्या मुद्द्यावरच उभं राहावं. तो पुरेसा आहे, आणि खोटं पकडलं गेलं तर तोही हातचा जातो.

आता ई-मेल. पाठवायचा तक्रार निवारण अधिकाऱ्याला. त्याचा पत्ता पॉलिसीच्या शेवटच्या पानांवर आणि कंपनीच्या संकेतस्थळावर असतो. प्रत ग्राहकसेवेला. एजंटला व्हॉट्सॲपवर पाठवलेला निरोप किंवा टीपीएच्या कॉल सेंटरशी झालेलं बोलणं ही लेखी तक्रार ठरत नाही. नोंदणीकृत ई-मेलवरूनच पाठवावा, म्हणजे ‘ओळख पटत नाही’ हे उत्तर येत नाही.

विषय: दावा नाकारल्याविरुद्ध तक्रार – पॉलिसी क्र. (…), दावा क्र. (…), नकारपत्र दि. 4 एप्रिल 2025

महोदय,

वरील पॉलिसीचा मी विमेदार आहे. आपण दि. 4 एप्रिल 2025 च्या पत्राने माझा दावा ‘प्रस्ताव अर्जात उच्च रक्तदाब उघड केला नाही’ या एकमेव कारणावरून, कलम (…) नुसार नाकारला आहे. हा निर्णय मला मान्य नाही. तो बदलून दावा मंजूर करावा.

पॉलिसी प्रथम दि. 20 नोव्हेंबर 2018 रोजी सुरू झाली (विमा रक्कम 3 लाख रुपये) आणि आजपर्यंत खंड न पडता चालू आहे. दि. 20 नोव्हेंबर 2022 पासून विमा रक्कम 5 लाख रुपये आहे. मी दि. 6 ते 9 फेब्रुवारी 2025 या काळात हृदयविकाराच्या झटक्यासाठी रुग्णालयात दाखल होतो व दि. 6 रोजी अँजिओप्लास्टी झाली. दि. 24 फेब्रुवारी रोजी परताव्याचा दावा दाखल केला. आपण दि. 12 मार्च रोजी मागितलेली कागदपत्रे दि. 18 मार्च रोजी दिली.

पहिली हरकत. दि. 19 नोव्हेंबर 2023 रोजी पॉलिसीचे सलग 60 महिने पूर्ण झाले. पॉलिसीतील मोरेटोरियमच्या कलम (…) नुसार आणि प्राधिकरणाच्या दि. 29 मे 2024 च्या प्रमुख परिपत्रकानुसार त्यानंतर माहिती उघड न केल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. फसवणुकीचा आरोप आपल्या पत्रात नाही. दाव्याची रक्कम मूळ 3 लाख रुपयांच्या मर्यादेत असल्याने 2022 मधील वाढीव रकमेचा प्रश्न येत नाही.

दुसरी हरकत, पहिलीला बाध न येता. मला उच्च रक्तदाब असल्याचे निदान जून 2021 मध्ये, म्हणजे पॉलिसी घेतल्यानंतर झाले. ‘8 वर्षे’ ही नोंद दाखल होताना नातेवाइकांच्या तोंडी माहितीवरून घेतली गेली. उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा खुलासा आणि माझ्या नेहमीच्या डॉक्टरांचा दाखला व पहिली चिठ्ठी सोबत जोडली आहे.

मागणी. एकूण बिल 2,91,600 रुपये. त्यातील पॉलिसीनुसार न मिळणाऱ्या वस्तूंचे 6,850 रुपये मी सोडतो. उर्वरित 2,84,750 रुपये, आणि विलंबाबद्दल नियमानुसार बँक दरापेक्षा 2 टक्के अधिक दराने व्याज, माझ्या नोंदणीकृत खात्यात जमा करावे.

निर्णय कायम ठेवणार असल्यास पुढील प्रती द्याव्यात: माझा सहीचा प्रस्ताव अर्ज, आपण आधार घेतलेली रुग्णालयाची नोंद, चौकशी झाली असल्यास तिचा अहवाल, आणि दावा नाकारण्यास समितीने दिलेली मंजुरी.

या तक्रारीचा क्रमांक कळवावा आणि 14 दिवसांत लेखी निर्णय द्यावा.

(नाव, पत्ता, दूरध्वनी, दि. 15 एप्रिल 2025. सोबत: कागदपत्रे 1 ते 9.)

एवढंच. कागदावर उतरवलं तर जेमतेम एक पान.

यात काय घातलं नाही, तेही पाहण्यासारखं आहे. सर्वोच्च न्यायालयाचा एकही निकाल नाही. आंतरजालावर शोधलं तर 2015 चा एक निकाल सापडतो. त्यात विमेदाराने पाठीच्या मणक्याचं दुखणं सांगितलं नव्हतं, मृत्यू हृदयविकाराने झाला, आणि दडवलेल्या दुखण्याचा मृत्यूशी संबंध नाही म्हणून विमा देण्याचा आदेश झाला. तो इथे जोडायचा मोह होईल. पण रक्तदाबाचा हृदयविकाराशी संबंध आहे, हे कोणताही डॉक्टर सांगेल. म्हणजे तो निकाल जोडून आपणच कंपनीला उत्तर शिकवू. भक्कम मुद्द्याशेजारी कच्चा मुद्दा ठेवला, की उत्तर कच्च्यालाच येतं.

हरकतींचा क्रमही त्यासाठीच. पहिली हरकत फक्त कॅलेंडरवर तपासता येते. त्यात डॉक्टर नाही, आठवण नाही, मत नाही. दुसरीत दाखले आहेत, आणि दाखल्यांवर शंका घेता येते. ‘पहिलीला बाध न येता’ हे चार शब्द वकिली वाटतील, पण दुसरी कोलमडली तरी पहिली उभी राहते, हे त्यांनी स्पष्ट होतं.

6,850 रुपये सोडण्याबद्दल काही जण कुरकुरतील. हातमोजे, नोंदणी शुल्क, रुग्णाबरोबरच्या माणसाचं जेवण अशा गोष्टी बहुतेक पॉलिसींत मिळत नाहीत, आणि त्या बिलात तशाच ठेवून पूर्ण रक्कम मागितली, की कंपनीला अंशतः नकाराचा नवा वाद उकरता येतो. स्वतःच आकडा कापून मागितलेली रक्कम वाचणाऱ्याला हिशेबी माणसाची वाटते. खोलीच्या भाड्याला मर्यादा असलेली पॉलिसी असेल, तर मात्र कपात फक्त भाड्यापुरती राहत नाही, त्या प्रमाणात डॉक्टरांची फी वगैरेही कापली जाऊ शकते. तो हिशेब आधी करून मगच आकडा लिहावा.

प्रती मागणारा परिच्छेद लोक वगळतात. माझ्या मते तो मागणीइतकाच कामाचा आहे. प्रस्ताव अर्ज पुष्कळदा एजंटनेच भरलेला असतो, सगळ्या आजारांपुढे एकाच पेनाने, एकाच दमात ‘नाही’. त्यावरची सही आपली असते आणि ती नाकारता येत नाही. तरी अर्जात नेमकं काय विचारलं होतं, हे पाहिल्याशिवाय काय दडवलं ते ठरत नाही. समितीची मंजुरी मागितली, की फाइल पुन्हा एकदा वरच्या टेबलावर जाते. कित्येक वाद तिथेच मिटतात, कारण वरच्या माणसाला तारखा दिसतात.

जोडपत्रांना क्रमांक द्यावेत आणि फाइलचं नावही त्याच क्रमांकाने सुरू व्हावं: पहिली पॉलिसी, मग प्रत्येक नूतनीकरण, नकारपत्र, डिस्चार्ज कार्ड, बिल आणि पावत्या, खुलासापत्र, दाखला. मोबाइलवर तिरके काढलेले वीस फोटो जोडले, तर ते कोणी उघडत नाही. मूळ कागद कधीही पुन्हा देऊ नयेत.

पाठवल्यानंतर तारखांचं दुसरं कोष्टक सुरू होतं. कंपनीने 14 दिवसांत उत्तर द्यायला हवं, म्हणजे 29 एप्रिलपर्यंत. उत्तर नाही किंवा समाधानकारक नाही, तर प्राधिकरणाच्या ‘बीमा भरोसा’ या मंचावर bimabharosa.irdai.gov.in इथे तक्रार नोंदवता येते, किंवा 155255 या क्रमांकावर फोन करता येतो. एक गैरसमज इथे दूर करायला हवा. प्राधिकरण तक्रार कंपनीकडे पोचवतं आणि तिची तड लागते का यावर लक्ष ठेवतं, पण तुमचा दावा खरा की खोटा याचा निवाडा करत नाही. निवाडा लोकपाल करतो.

लोकपालाकडे जायला तीन वाटा आहेत: कंपनीने तक्रार फेटाळली, दिलेलं उत्तर पटलं नाही, किंवा तक्रार पाठवून महिना उलटला तरी उत्तरच आलं नाही. त्यानंतर एक वर्षाची मुदत असते. इथे लोक चुकतात. हे वर्ष 4 एप्रिलच्या नकारपत्रापासून मोजत नाहीत, तर तक्रारीच्या उत्तरापासून, किंवा उत्तर न आल्यास तो महिना संपल्यापासून मोजतात. म्हणून ई-मेल पाठवल्याची तारीख, पोच आणि तक्रार क्रमांक जपून ठेवावेत. कंपनी मध्येच फोन करून ‘पुन्हा कागद पाठवा, पाहतो’ म्हणाली, तर कागद द्यावेत, पण फोनवर काय ठरलं ते त्याच ई-मेलला जोडून दोन ओळींत लिहून पाठवावं. फोनवरच्या आश्वासनाची नोंद कुठेच राहत नाही. अर्ध्या रकमेवर ‘पूर्ण व अंतिम’ अशी सही मागितली, तर ती केल्यावर उरलेल्या रकमेसाठी भांडणं अवघड होतं, हेही ध्यानात ठेवावं.

साताऱ्याच्या माणसाला लोकपालाचं पुण्याचं कार्यालय लागू पडतं. तक्रार cioins.co.in वर भरता येते, फी नाही, आणि वकील लावायचा नाही, तशी मुभाच नाही. 50 लाखांपर्यंतच्या मागण्या तिथे ऐकल्या जातात. आधी समेट होतो का ते पाहतात, नाही झाला तर दोन्ही बाजू ऐकून आदेश देतात. सगळे कागद मिळाल्यापासून तीन महिन्यांत तो द्यावा, असा नियम आहे. आदेश कंपनीवर बंधनकारक असतो आणि तिने तो 30 दिवसांत पाळायचा असतो. तुम्हाला मात्र तो पटला नाही, तर ग्राहक आयोगात जाता येतं. उलट आधीच ग्राहक आयोगात किंवा कोर्टात गेलात, तर लोकपालाचं दार बंद होतं. म्हणून पैसे न लागणारी वाट आधी धरावी.

ग्राहक आयोगासाठी मुदत दोन वर्षांची आहे, आणि ती मात्र नकारापासून मोजायची. साताऱ्याच्या प्रकरणात ती 4 एप्रिल 2027 च्या सुमाराला संपेल. लोकपालाकडे गेलेले महिने त्यातून आपोआप वजा होतील, असं कोणी गृहीत धरू नये.